लोन ॲग्रीमेंटची अर्धीच कलमं आहेत, छुपे चार्ज आहेत का बघून सांगा

टेम्पोवाला_खानापूर
नमस्कार मंडळी. मी खानापूर भागातला, सेकंडहँड छोटा टेम्पो घेतलाय, पहाटे बेळगावच्या मार्केटला भाजी टाकायची आणि येताना मिळंल ते भाडं मारायचं असं चाललंय. लोन एका फायनान्स कंपनीचं आहे, डीलरनंच करून दिलं. आता घरात बायको विचारूलीय की तीन लाखाचं लोन आणि हातात एवढंच कसं, म्हणून कागद काढून बसलो तर सगळं इंग्लिशमध्ये, आणि जोडीला कन्नड. कन्नड मला बसच्या पाटीपुरतं नी बाजारात बोलण्यापुरतं येतं, पण हे कोर्टाचं कन्नड डोक्यावरनं जातं.
पोराच्या मदतीनं जेवढं कळलं तेवढं मराठीत टाईप करून टाकूलोय. कलम १ ते ११ आहेत.
थोडक्यात: १ ते ३ मध्ये नाव गाव गाडी नंबर (ते मी गाळलंय). ४ मध्ये कर्ज ३,००,००० रुपये, व्याज वार्षिक ११ टक्के, मुदत ३६ महिने, हप्ता "अनुसूची एक प्रमाणे". ५ मध्ये पैसे डीलरच्या खात्यात जातील. ६ मध्ये प्रोसेसिंग फी २ टक्के अधिक जीएसटी. ७ गाडीवर बोजा. ८ मध्ये "कंपनी वेळोवेळी सुधारित करील त्याप्रमाणे इतर शुल्क". ९ विमा चालू ठेवायचा. १० हप्ता बँकेतून आपोआप जाणार. ११ मध्ये "हप्ता थकल्यास कर्जदार अनुसूची दोन मधील दंड शुल्काव्यतिरिक्त..." एवढंच, पुढचं पान माझ्याकडं नीट आलं नाही.
यात छुपे चार्ज काही आहेत का? असतील तर कुठल्या कलमात?

उद्यमबाग_नाईटशिफ्ट
भावा मी वाचलं सगळं, काही टेन्शन नाही. ११ टक्के तर मस्त रेट आहे सेकंडहँडला, आणि प्रोसेसिंग २ टक्के सगळीकडंच असतं. यात लपवलेलं काही दिसत नाही. आणि लवकर फेडायचं असेल तरी घाबरू नको, रिझर्व्ह बँकेनं १ जानेवारी २०२६ पासून मुदतीआधी फेडण्याचे चार्ज सगळे बंद केलेत. दंडव्याज पण बंद केलंय २०२४ पासून. सो निवांत झोप.

टिळकवाडी_मामा
नाईटशिफ्ट, जरा थांबा हो. तुम्ही अकरा कलमं वाचून "लपवलेलं काही नाही" म्हणालात, पण जे लपतं ते अकराच्या पुढच्या पानांतच लपतं. मी बँकेत कर्ज विभागात बरीच वर्षं काढलीत, लोक पुढची पानं आणतात आणि मागची घरी विसरतात, नेहमीचंच.
टेम्पोवाले, तुमचा प्रश्न "कुठल्या कलमात आहे" असा आहे. त्याचं सरळ उत्तर, तुम्ही टाकलेल्या कलमात चार्जचा एकच आकडा आहे, प्रोसेसिंग २ टक्के. बाकी प्रत्येक ठिकाणी कलम दुसरीकडं बोट दाखवतंय. ४ नंबर म्हणतं अनुसूची एक बघा, ११ म्हणतं अनुसूची दोन बघा, ८ नंबर तर म्हणतं इतर शुल्क, पण कुठलं नी किती ते बोलतच नाही. म्हणजे आत्ता तुमच्याकडं कागद आहे पण दर नाहीत. आणि ११ वं कलम जिथं तुटलंय ती जागा मला सगळ्यात जास्त खुपतीय. "दंड शुल्काव्यतिरिक्त" म्हणजे दंडाच्या वर अजून काहीतरी आहे. ते काय, पुढच्या ओळीत.
तरी मागची पानं येईपर्यंत हातावर हात ठेवून बसायचं कारण नाही. चार गोष्टी सांगा:
हप्ता किती ठरलाय, डीलरच्या खात्यात नेमके किती जमा झाले, कुठल्या तारखेला, आणि पहिला हप्ता कधी.
आणि एक, पानांचे फोटो टाकाल तर लोन नंबर, पॅन, आधार, सही यावर पट्टी मारून टाका. मागच्या महिन्यात एकानं सरळ सगळं टाकलं होतं.

निपाणी_अक्का
माझं पण असंच झालंय ओ. आम्ही इथल्या एका सोसायटीतनं दीड लाख काढले, तर हातात देताना शेअरचे म्हणून साडेसात हजार कापून घेतले. आम्ही शेअर मागितलेच नव्हते. हे छुपे चार्जच झाले की नाही? त्याची कुठं तक्रार करायची, रिझर्व्ह बँकेत करता येते काय?

टेम्पोवाला_खानापूर
मामा, हप्ता ११,०८४. डीलरला जमा झाले २,७८,४०३, त्याच्या पासबुकची एंट्री मी स्वतः बघितली. तारीख १८ नोव्हेंबर. पहिला हप्ता ५ जानेवारी. मला वाटलं सहा हजार नी त्याचा जीएसटी जाईल, पण हे वीस हजाराच्या वर गेलंय.

शहापूर_पोरगा
११ टक्क्याला ३ लाख ३६ महिने, मी मोबाईलमधल्या ईएमआय कॅल्क्युलेटरवर टाकून बघितलं तर हप्ता ९,८२२ येतोय. ११,०८४ कसा काय? कोणतरी हिशोबात चुकलंय.

टिळकवाडी_मामा
कोणी चुकलं नाही पोरा, तो फ्लॅट रेट आहे. ३ लाखाचे ११ टक्के म्हणजे वर्षाला ३३ हजार, तीन वर्षांचे ९९ हजार. ३ लाख नी ९९ हजार मिळून ३,९९,००० भागिले ३६, ११,०८३.३३ येतात, वरचा पूर्ण रुपया धरला की ११,०८४. म्हणजे तुम्ही दर महिन्याला मुद्दल फेडत जाता, तरी व्याज मात्र शेवटच्या महिन्यापर्यंत पूर्ण तीन लाखावरच मोजलं जातं. बँकेत जसं शिल्लक रकमेवर व्याज लागतं तसं मोजलं असतं तर शहापूरच्या पोरानं काढलेला ९,८२२ आला असता. फरक महिन्याला १,२६२, तीन वर्षांत ४५ हजार. आणि हे ४५ हजार कुठल्याही "चार्ज" नावाखाली तुम्हाला सापडणार नाहीत, कलम ४ मध्ये एक शब्द गाळला की झालं. तुम्ही टाईप करताना "फ्लॅट" शब्द गाळला काय? कागद परत बघा.
आता दुसरं. ३ लाखातनं प्रोसेसिंग ६,००० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी १,०८०, म्हणजे ७,०८० वजा केले तर जमा व्हायला पाहिजे २,९२,९२०. झाले २,७८,४०३. फरक १४,५१७ रुपये. तुम्ही टाकलेल्या अकरा कलमांत या १४,५१७ ला कुठंही आधार नाही. म्हणजे हे पैसे ज्या कागदाच्या जोरावर कापले तो तुमच्याकडं नाही, किंवा आहे पण तुम्ही टाकला नाही. पहिल्यांदा तो शोधा.
आणि घरी एक्सेल असेल, किंवा मोबाईलवर गुगल शीट, तर हे दोन टाकून बघा:

```
=RATE(36,-11084,300000)*12
=RATE(36,-11084,278403)*12
```

पहिल्यात साधारण ०.१९६ येईल, म्हणजे कागदावरच्या ११ चं खरं रूप १९.६ टक्के. दुसऱ्यात ०.२५१, म्हणजे प्रत्यक्ष हातात पडलेल्या रकमेवर २५ टक्के. दुसरा आकडा थोडा जास्त दाखवतोय, कारण हे सूत्र पहिला हप्ता महिन्यानं धरतं आणि तुमचा ४८ दिवसांनी आहे. तो फरक धरला तर २४ च्या आसपास बसेल. तरी ११ आणि २४ यात किती अंतर आहे बघा.
एक मात्र ध्यानात ठेवा, या हिशोबातनं फक्त आधी कापलेले पैसे नी व्याज पकडता येतं. चेक परतला तर किती, उशीर झाला तर किती, गाडी ओढून नेली तर किती, लवकर फेडली तर किती, हे कुठल्याच सूत्रातनं निघत नाही. त्याला अनुसूची दोनच पाहिजे.

फिल्डमन_५९०
मी याच लाईनीत आहे, कंपनीचं नाव सांगत नाही. मामा जरा जास्तच रंगवताय. सेकंडहँड कमर्शियल गाडीला बँका दारात उभं करून घेत नाहीत. भाजीवाल्याकडं सॅलरी स्लिप नाही, आयटी रिटर्न नाही, मग कोण देणार? रिस्क आहे म्हणून रेट आहे. आणि फ्लॅट रेट सगळ्यांना माहीत असतो, डीलर सांगतोच.

टेम्पोवाला_खानापूर
मला डीलरनं "शेकडा ब्याण्णव पैसे" असं सांगितलं होतं. मला वाटलं स्वस्त आहे.
आणि मामा, मी परत बघितलं, कलम ४ मध्ये इंग्लिशमध्ये फ्लॅट शब्द नाहीच. पोरानं पण बघितलं.

टिळकवाडी_मामा
फिल्डमन, धंदा करा, नाही म्हणत नाही, रिस्क असते हे पण मान्य. पण महिन्याचा शेकडा ९२ पैसे म्हणजे वर्षाचे ११, तो पण फ्लॅट, आणि कागदावर फ्लॅट शब्द नाही. एनबीएफसीला, म्हणजे बँक नसलेल्या फायनान्स कंपन्यांना, रिझर्व्ह बँकेची जी आचारसंहिता आहे त्यात दर वार्षिक स्वरूपात सांगायचा असतो, कर्जदाराला नेमकं किती पडतं ते कळावं म्हणून. आणि १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नव्या रिटेल आणि छोट्या उद्योगांच्या मुदत कर्जाला केएफएस, म्हणजे दर नी चार्जचा गोषवारा, द्यावीच लागते. ती देताना एपीआर म्हणजे कर्जाचा खरा वार्षिक दर लिहायचा असतो, त्यात व्याज आणि सगळे चार्ज मिसळलेले असतात. विम्याचे, लीगलचे असे दुसऱ्याच्या नावानं घेतलेले पैसे पण त्यात धरायचे. केएफएसमध्ये जो चार्ज नाही तो कर्जदाराची स्पष्ट संमती घेतल्याशिवाय नंतर लावता येत नाही.
टेम्पोवाले, तुमच्या कागदांत कुठंतरी एक चौकटी-चौकटीचं पान असंल, वर "की फॅक्ट्स स्टेटमेंट" लिहिलेलं. व्हॉट्सॲपवर किंवा ईमेलवर पीडीएफ आली असंल. बघा.
आणि नाईटशिफ्ट, तुमचं दोन्ही अर्धं खरं. लवकर फेडण्याचे चार्ज बंद झाले ते फ्लोटिंग म्हणजे बदलत्या दराच्या कर्जाला, आणि तो नवा नियम १ जानेवारी २०२६ ला किंवा नंतर मंजूर झालेल्या कर्जाला. यांचं कर्ज त्याआधीच्या नोव्हेंबरचं आणि दर फिक्स्ड. यांना तो लागू नाही. दंडाचं म्हणाल तर दंड बंद झाला नाही. १ एप्रिल २०२४ पासूनच्या नव्या कर्जांना दंड व्याजदरात मिसळायचा नाही, वेगळं शुल्क म्हणून घ्यायचं आणि त्या शुल्कावर परत व्याज लावायचं नाही, एवढंच झालंय. किती घ्यायचं याचा वरचा आकडा रिझर्व्ह बँकेनं ठरवून दिलेला नाही, वाजवी असावं एवढंच म्हटलंय.

उद्यमबाग_नाईटशिफ्ट
व्हॉट्सॲपवर आलेलं मामा, तेच फॉरवर्ड इथं टाकलं. फ्लोटिंगचं त्यात नव्हतं. सॉरी टेम्पोवाले.

निपाणी_अक्का
माझ्या प्रश्नाचं कोण सांगणार?

टिळकवाडी_मामा
अक्का, तुमचा प्रश्न वेगळ्या खात्यातला आहे म्हणून मागं राहिला. तुमची सोसायटी "सौहार्द" आहे का "मल्टिस्टेट" ते पावतीवर बघा. सौहार्द असली तर कर्नाटकचा १९९७ चा सौहार्द सहकारी कायदा, मल्टिस्टेट असली तर केंद्राचा २००२ चा. दोन्हीत रिझर्व्ह बँकेचा लोकपाल तुमची तक्रार घेणार नाही, केएफएसचा नियम पण त्यांना लागू नाही. मल्टिस्टेटला २०२३ च्या दुरुस्तीनंतर सहकार लोकपाल आलाय, सौहार्दला निबंधकाकडं जावं लागतं. नावात "बँक" असंल तरच रिझर्व्ह बँक. आपल्या सीमाभागात चौकाचौकात सोसायट्या आहेत म्हणून हे आधी तपासायचं.
शेअरचे पैसे बहुतेक चार्ज नसतात, सभासद म्हणून तुमच्या नावावर राहतात, कर्ज फिटल्यावर मागता येतात. शेअर सर्टिफिकेट दिलंय का? नसंल दिलं तर ते मागा. मात्र व्याज तुम्ही पूर्ण दीड लाखावर भरता आणि हातात १,४२,५०० आले, हे तुमचं दुखणं खरंच आहे.

निपाणी_अक्का
सर्टिफिकेट नाही ओ दिलं. पासबुकात एक ओळ आहे शेअर म्हणून. उद्या जाऊन विचारते. आमचं सौहार्दच आहे.

टेम्पोवाला_खानापूर
मामा सापडलं! व्हॉट्सॲपला १७ तारखेला रात्री एक पीडीएफ आली होती, मी उघडलीच नव्हती, पोरानं आज उघडली. त्यात चौकटीचं पान आहे. लोन ३ लाख, मुदत ३६, हप्ता ११,०८४, व्याज फिक्स्ड, प्रोसेसिंग ७,०८०. विमा चौकटीत "लागू नाही". इतर चौकटीत शून्य. एपीआर २१.३. खाली लिहिलंय की "मला समजेल अशा भाषेत समजावून सांगितले" आणि तिथं माझी सही. सही कधी केली आठवत नाही, शोरूममध्ये टॅबवर बोटानं दहाबारा ठिकाणी सह्या केल्या होत्या.
आणि मागची पानं पण त्यातच आहेत, कलम २७ पर्यंत. आता कलम ११ चा पुढचा भाग: "...दंड शुल्काव्यतिरिक्त, न भरलेल्या अशा शुल्कावर कराराच्या दराने व्याज देण्यास जबाबदार राहील".
अनुसूची दोन: चेक किंवा मँडेट परत आला तर ५००. उशिरा हप्त्यावर महिन्याला ३ टक्के अधिक जीएसटी. डॉक्युमेंटेशन २,३६०. व्हॅल्युएशन १,१८०. पहिले सहा महिने मुदतीआधी फेडता येणार नाही, नंतर शिल्लक मुद्दलाच्या ५ टक्के. गाडी जप्त केल्यास वाहतूक, यार्ड भाडं "प्रत्यक्ष खर्चाप्रमाणे". आणि शेवटी एक वेगळं पान, "विमा विनंती पत्र", ९,४४०.

शहापूर_पोरगा
मी मांडलं. ९,४४० + २,३६० + १,१८० = १२,९८०. मामांचे १४,५१७ होते. अजून १,५३७ राहतात. ते कुठं गेले?
आणि एपीआर २१.३ कसा आला ते पण बघितलं, मामांच्या सूत्रात २,९२,९२० टाकलं की बरोबर २१.३ येतंय. म्हणजे त्यांनी फक्त प्रोसेसिंग धरलं, बाकी तीन गोष्टी हिशोबातच नाहीत.

टिळकवाडी_मामा
शाब्बास रे पोरा. आता एकेक बघू, सगळं एका दिवसात सुटणार नाही.
कलम ११ चं उरलेलं वाक्य म्हणजे दंड शुल्कावर व्याज. वर मी म्हटलं तेच, हे चालत नाही. पहिल्यांदा टाकलेल्या अर्ध्या वाक्यावरनं कुणालाच हे सांगता आलं नसतं. आणि दंडावर जीएसटी लिहिलाय तो पण नको, जीएसटी कौन्सिलच्या डिसेंबर २०२४ च्या बैठकीनंतर स्पष्ट झालंय की बँका नी एनबीएफसीच्या दंड शुल्कावर जीएसटी नाही. अर्थात तुमचा हप्ता वेळेवर गेला तर हे दोन्ही तुम्हाला लागणारच नाहीत, म्हणून यावर आत्ता भांडणात वेळ घालवू नका, फक्त लेखी नोंदवून ठेवा.
३ टक्के महिना जास्त आहे का? एक हप्ता महिनाभर थकला तर ३३२ रुपये. जास्त वाटतं, पण नियमात आकडा नाही, त्यामुळं "बेकायदेशीर" म्हणणार नाही.
फोरक्लोजर म्हणजे लवकर फेडण्याचे ५ टक्के अनुसूचीत आहेत, पण केएफएसमध्ये ते लिहिलंय का? अशा वेळप्रसंगी लागणाऱ्या चार्जसाठी केएफएसमध्ये वेगळी जागा असते, दंड नी फोरक्लोजर तिथं यायला पाहिजेत. दुसरं पान बघा.
आता मुख्य, विमा. केएफएस म्हणते "लागू नाही", आणि त्याच कर्जातनं ९,४४० कापले. डॉक्युमेंटेशन नी व्हॅल्युएशनचे साडेतीन हजार पण केएफएसमध्ये शून्य. इथं तुमची बाजू भक्कम आहे. कंपनी म्हणणार, विमा विनंती पत्रावर सही आहे, तीच संमती. म्हणून त्या पानावर नेमकं काय लिहिलंय ते बारकाईनं वाचा, रक्कम लिहिलेली आहे का, कुठल्या विमा कंपनीचा, कुणाचं नाव वारस म्हणून. आणि विम्याचं सर्टिफिकेट मागा. पॉलिसीत नको असल्यास परत करायची मुदत दिलीय का, तेही त्यातच कळंल.
राहिले १,५३७. माझा अंदाज आहे, खात्री नाही. १८ नोव्हेंबर ते ५ डिसेंबर म्हणजे १७ दिवस. ३ लाखाला ११ टक्क्यानं १७ दिवसांचं व्याज काढा.

शहापूर_पोरगा
३,००,००० × ११% × १७ ÷ ३६५ = १,५३६.९९. बापरे. रुपयाला रुपया.

फिल्डमन_५९०
ते ब्रोकन पिरियड इंटरेस्ट असतं. हप्त्याचं चक्र ५ तारखेचं आहे म्हणून मधले दिवस आधी घेतात. सगळे घेतात, यात चूक नाही.

टिळकवाडी_मामा
फिल्डमन बरोबर बोलतायत, मधल्या दिवसांचं व्याज घेणं चूक नाही, पैसे वापरात होते. पण ते पण कागदावर लिहून द्या की. आकडा जुळला म्हणून तोच हिशोब आहे असं मी छातीठोक म्हणणार नाही, कंपनीकडनं खातेउतारा आला की कळंल.

उद्यमबाग_नाईटशिफ्ट
मग आता करायचं काय? वकील?

टिळकवाडी_मामा
वकील नको आत्ता. शाखेत जाऊन तोंडी भांडू नका, तिथला पोरगा "सिस्टिम जनरेटेड आहे" म्हणणार. ईमेल करा, मराठीत केलात तरी चालतो, पण तक्रार विभागात जाणाऱ्या माणसाला कळावा म्हणून इंग्लिशमध्ये दोन ओळी जोडा. मागायचं एवढंच: ३ लाखातनं जमा झालेल्या २,७८,४०३ पर्यंतची कपात ओळवार द्या, प्रत्येक कपात केएफएसच्या कुठल्या ओळीत आहे ते सांगा, आणि विम्याची पावती नी सर्टिफिकेट द्या. करारात ज्या अनुसूचींचा उल्लेख आहे त्या सगळ्या जोडून कराराची प्रत देणं, शक्यतो तुमच्या भाषेत, हे एनबीएफसीच्या आचारसंहितेतच आहे, तेही मागा. पोचपावतीचा नंबर जपून ठेवा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर cms.rbi.org.in वर लोकपालाकडं, फोन १४४४८. थेट तिथं गेलात तर आधी कंपनीकडं जा म्हणून परत पाठवतील.
हप्ता मात्र थांबवू नका. ५ जानेवारीचा गेलाच पाहिजे, नाहीतर तुमच्या तक्रारीआधी त्यांचा दंड सुरू.

फिल्डमन_५९०
हे मात्र खरं. हप्ता चुकवून तक्रार करणाऱ्याचं कोणी ऐकत नाही. आणि टेम्पोवाले, डीलरला पण विचारा, त्याला लोन फाईलमागं कमिशन असतं, विमा कुणी टाकायला लावला ते त्यालाच माहीत असतंय बहुतेक. मी एवढंच बोलतो.

टेम्पोवाला_खानापूर
डीलर आज म्हणाला "विमा कंपल्सरी असतो". केएफएसचं पान दाखवलं मोबाईलवर, "लागू नाही" वर बोट ठेवलं, तर म्हणाला ते छापील असतं, तिकडं लक्ष देऊ नका.
फोरक्लोजर केएफएसच्या दुसऱ्या पानावर आहे मामा, ५ टक्केच लिहिलंय. ते लपवलेलं नव्हतं, मीच बघितलं नव्हतं.
ईमेल पोराकडनं आज संध्याकाळी पाठवला. उत्तर आलं की इथंच टाकतो.

टेम्पोवाला_खानापूर (आठ दिवसांनी)
उत्तर आलं. कपात ओळवार दिलीय, १,५३७ ला "प्री ईएमआय व्याज" लिहिलंय, म्हणजे मामांचा अंदाज बरोबर. डॉक्युमेंटेशन नी व्हॅल्युएशनवर म्हणतात अनुसूचीत आहे, केएफएसबद्दल एक शब्द नाही. विम्यावर विनंती पत्राची स्कॅन पाठवलीय. सही माझीच आहे. पण रकमेची जागा मोकळी आहे, विमा कंपनीचं नाव पेनानं नंतर लिहिल्यासारखं दिसतंय, आणि वारसाच्या जागी माझ्या वडिलांचं नाव आहे. बाबा २०१९ ला वारले.

शहापूर_पोरगा
आधार कार्डावर "सन ऑफ" असतं त्यावरनं उचललं असणार.

टिळकवाडी_मामा
ही स्कॅन दोन ठिकाणी सेव्ह करून ठेवा, त्यांचा ईमेल डिलीट करू नका. उद्या उत्तर द्या की मोकळ्या रकमेवरची सही संमती म्हणून मान्य नाही, विमा रद्द करून ९,४४० कर्जखात्यात वळते करा, आणि डॉक्युमेंटेशन, व्हॅल्युएशनचं केएफएसच्या ओळीसकट उत्तर द्या. ते मान्य करतील का सांगता येत नाही, सहीचा मुद्दा ते सहजासहजी सोडत नाहीत. पहिल्या ईमेलची तारीख धरून तीस दिवस मोजा, कॅलेंडरवर खूण करा.
आणि दुरुस्त करून दुसरं पत्र सही करायला पाठवलं तर करू नका, आधी इथं टाका. या वेळी सगळी पानं.

निपाणी_अक्का
मी जाऊन आले सोसायटीत. शेअर सर्टिफिकेट छापायचंय म्हणाले, पुढच्या महिन्यात या.